शब्दाच्या उजवीकडे

मुलगा ‘बोटीवर आहे’ असं सांगितलं की आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही. हर्णैपासून खाली दाभोळ, जयगडपर्यंत असं एखादं घर सापडतंच, जिथला मुलगा वर्षातले सहा-आठ महिने समुद्रावर असतो आणि उरलेले घरी. घरी असताना आईला घर शाकारून देतो, गावातली लग्नं उरकतो आणि पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतो. माझा भाचा त्यातलाच. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे हा अभ्यास आमच्या पडवीत चालतो. त्याच्याबरोबर वाडीतली आणखी एक-दोन पोरं असतात. चहाचा खर्च माझा.

गेल्या पावसाळ्यात त्याला सरावासाठी एक प्रसंग लिहायला आला होता. बोसननं, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या सारंगानं, तुला बॅलास्ट टँकमध्ये, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरायच्या टाकीत, उतरायला सांगितलं, पण परमिट निघालेलं नव्हतं. काय झालं ते कॅप्टनला चार ओळींत लिहून दे. प्रसंग साधा वाटतो, पण तो मुद्दाम दिलेला असतो. बंद टाकीत लोखंड गंजत राहतं आणि गंजताना हवेतला प्राणवायू खातं. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, आत किती उरलाय हे मीटरनं मोजल्याशिवाय कळत नाही. टाकीला वास नसतो, धूर नसतो, आणि माणूस शिडीवरच कोसळू शकतो. म्हणून मोजमाप झाल्याशिवाय परमिट नाही आणि परमिटशिवाय आत पाऊल नाही.

भाच्यानं लिहिलं होतं: ‘आय डिनाइड टू गो इनसाइड.’ पुढे: ‘चीफ ऑफिसर सजेस्टेड मी टू चेक द इक्विपमेंट्स.’

त्याला म्हटलं, डिनाय कुठून काढलास? त्यानं फोन पुढे केला. अ‍ॅपवर डिनायच्या पुढे एकच शब्द होता, नाकारणे. “मावशी, नाकारलंच ना मी? मग?”

अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं. डिनाय म्हणजे नाकारणे हे बरोबर. रिफ्यूज म्हणजे नाकारणे हेही बरोबर. रिजेक्ट आणि डिक्लाइन यांच्यापुढेही तेच लिहिलेलं सापडेल. मराठीत आपण आरोप नाकारतो, लग्नाचं स्थळ नाकारतो, कोर्ट जामीन नाकारतं आणि प्रवेशही नाकारला जातो. एका क्रियापदात आपण चार माणसांचं काम भागवतो आणि आपलं काही अडत नाही, कारण काय नाकारलं ते शेजारच्या नामातून कळतं. अडचण उलट दिशेनं जाताना येते. मराठीतल्या एका दारातून बाहेर पडलं की इंग्रजीत चार वाटा लागतात आणि कुठली धरायची हे त्या दारावर लिहिलेलं नसतं.

हे ज्या पुस्तकात लिहिलेलं असतं ती लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीतच केलेला कोश. माझ्याकडची ऑक्सफर्डची प्रत जाडजूड आहे आणि दर पावसाळ्यात ती आणखी जाड होते. इथल्या दमट हवेत पानं फुगतात, कडेला बुरशीचे ठिपके येतात, म्हणून जून ते सप्टेंबर ती पत्र्याच्या पेटीत असते. भाच्याच्या पिढीला पेटीची गरज नाही. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज या तिन्ही कंपन्यांचे असे कोश फोनवर फुकट उघडतात. पुस्तक असो की फोन, पोरं तिथेही पहिल्या अर्थाची पहिली ओळ वाचतात, मनात तिचं मराठी करतात आणि बंद करतात. म्हणजे पुन्हा अ‍ॅपच झालं, फक्त मोठ्या पुस्तकातलं.

मी त्याला डिनायची नोंद काढायला सांगितली आणि म्हटलं, अर्थ नंतर वाच. आधी क्रियापदाच्या पुढे ठळक अक्षरांत काय छापलंय ते वाच.

या नोंदीत अर्थाच्या आसपास छोट्या ठळक साच्यांची एक माळ असते. डिनाय समथिंग. डिनाय दॅट. डिनाय डूइंग समथिंग. हे साचे म्हणजे त्या शब्दाच्या उजवीकडे काय काय बसू शकतं याची यादी. डिनायच्या यादीत आयएनजी लागलेलं रूप आहे, दॅटनं सुरू होणारं वाक्य आहे, साधं नाम आहे. ‘डिनाय टू डू’ नाही. मग रिफ्यूज काढायला सांगितलं. तिथे पहिल्याच ओळींत ‘रिफ्यूज टू डू समथिंग’. इथे ‘रिफ्यूज डूइंग’ नाही. एवढ्यावरूनच त्याच्या वाक्यात कुठला शब्द हवा होता ते ठरलं, अर्थाकडे आम्ही अजून पाहिलंही नव्हतं.

मुलं हे साचे उड्या मारून ओलांडतात, कारण ते व्याकरण दिसतं आणि व्याकरण परीक्षेपुरतं असतं असं आम्हा शिक्षकांनीच त्यांच्या डोक्यात भरवलंय. वास्तविक या जातीच्या कोशाचा जन्मच या साच्यांसाठी झाला. अ‍ॅल्बर्ट हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होता. जपानी विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ यायचे आणि वाक्य मात्र जुळायचं नाही, हे त्यानं रोज पाहिलं होतं. त्यानं सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि त्यात क्रियापदांच्या साच्यांना चक्क क्रमांक दिलेले होते. युद्धानंतर १९४८ साली तोच कोश ऑक्सफर्डनं बाजारात आणला. माझ्या पेटीतली प्रत त्याचीच वंशज. आता क्रमांक गेले आणि साचे सरळ शब्दांत आले, ते बरं झालं. ते क्रमांक पाठ करण्याचा उपद्व्याप फार थोड्यांनी केला असेल.

साच्यानंतर व्याख्या. ती वाचायची माझी एक खोड आहे आणि ती मी पोरांना लावते. व्याख्या वाचून समजली असं म्हणायचं नाही. ती उचलायची आणि आपल्या वाक्यात त्या शब्दाच्या जागी बसवून बघायची. चांगल्या कोशातली व्याख्या बहुधा अशी रचलेली असते की ती शब्दाच्या जागेवर उभी राहू शकते. डिनायच्या पहिल्या अर्थाची व्याख्या थोडक्यात अशी, की एखादी गोष्ट खरी नाही असं म्हणणं. भाच्याच्या वाक्यात ती घातली: ‘आत जायला खरी नाही असं मी म्हणालो.’ तो हसला. रिफ्यूजची व्याख्या, कोणी सांगितलेली गोष्ट मी करणार नाही असं म्हणणं. ती घातली आणि वाक्य जागेवर बसलं.

व्याख्या इतकी सोपी कशी असते, यामागेही एक माणूस आहे आणि तो आपल्या बाजूचा. मायकेल वेस्ट नावाचा शिक्षणाधिकारी ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या बंगालमध्ये, शाळकरी मुलांच्या इंग्रजीवर काम करत होता. त्यानं १९३५ मध्ये एन्डिकॉट यांच्याबरोबर जो कोश काढला, त्यात सगळ्या व्याख्या १४९० ठरावीक शब्दांत लिहिल्या होत्या. कठीण शब्दाचा अर्थ दुसऱ्या कठीण शब्दानं सांगायचा नाही, हा त्यातला हट्ट. पुढे १९७८ साली लाँगमनच्या कोशानं सुमारे दोन हजार शब्दांची यादी धरून हेच केलं. त्यामुळे दहावी झालेल्या मुलालाही या व्याख्या पेलतात. अडते ती बहुतेक वेळा सवय.

मग मी भाच्याला म्हटलं, आता समज तुला कोणीतरी अर्धवट सांगितलं की डिनायच्या पुढे आयएनजी लागतं. तू वाक्य दुरुस्त केलंस: ‘आय डिनाइड गोइंग इनसाइड.’ व्याकरणात आता कोणी चूक काढणार नाही. अर्थ काय झाला?

त्यानं व्याख्या पुन्हा बसवली. मी आत गेलो हे खरं नाही, असं मी म्हणालो. थोडा वेळ तो कागदाकडे बघत राहिला. या वाक्यातला खलाशी आत जायला नकार देणारा राहिला नव्हता. त्याच्यावर आत गेल्याचा आळ आला होता आणि तो हात झटकत होता. चौकशी करणारा माणूस हे वाचेल तेव्हा त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येईल, याला आत जाताना कोणी पाहिलं? नियम पाळणारा मुलगा एका आयएनजीनं संशयित झाला. चुकलेलं व्याकरण निदान खटकतं आणि समोरचा विचारतो तरी. बरोबर व्याकरणातला चुकीचा अर्थ कोणालाच खटकत नाही.

इथून पुढे उदाहरणं वाचायला त्याला सांगावं लागलं नाही. पण उदाहरणं वाचायचीही पद्धत असते. मुलं वाक्य वाचतात, कळलं म्हणतात आणि पुढे जातात. उदाहरण कळण्यासाठी दिलेलं नसतंच, ते बघण्यासाठी असतं. मी वहीत मधोमध शब्द लिहायला लावते आणि दोन-तीन कोशांतल्या उदाहरणांतून फक्त त्याच्या उजवीकडचे शब्द खाली खाली उतरवायला सांगते. डिनायच्या उजवीकडे काय आलं? आरोप, दावा, अफवा, कोणाशी संबंध असल्याची गोष्ट, काही माहीत असल्याची गोष्ट. रिफ्यूजच्या उजवीकडे? विनंती, परवानगी, देऊ केलेली वस्तू, आमंत्रण, आणि टू लागून आलेली कितीतरी क्रियापदं, म्हणजे जाणं, बोलणं, सही करणं, पैसे देणं. यादी आठ-दहा ओळींची झाली की सांगायला काही उरत नाही. डिनायपुढे सगळी बोलणी गोळा झालेली असतात, कोणीतरी आधी म्हटलेली. रिफ्यूजपुढे करायच्या गोष्टी असतात, अजून न केलेल्या. एक मागे बघतो, एक पुढे. हे भाच्यानं त्याच्या शब्दांत सांगितलं. मी फक्त त्यात ‘बहुतेक’ घालायला लावलं.

बहुतेक का, तर त्याच वेळी शेजारच्या पोरानं शंका काढली. “काकी, मग बँकेच्या साइटवर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं ते? तिथे कोण कोणावर आरोप करतंय?” शंका अस्सल होती, आणि मला वाटतं भाच्याच्या डोक्यात डिनाय शिरला तो याच दारातून. आमच्याकडच्या पोरांनी हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी फोनच्या पडद्यावर पाहिलेला असतो. उत्तर त्याच नोंदीत, खाली तिसऱ्या क्रमांकावर होतं: कोणाला हवी असलेली गोष्ट मिळू न देणं. शेजारी ‘फॉर्मल’ अशी खूण, म्हणजे शब्द औपचारिक. आणि साचा वेगळा: डिनाय समबडी समथिंग. उजवीकडे आधी माणूस, मग वस्तू. त्यानं मला प्रवेश नाकारला, हे याच साच्यात बसतं. देणारा वर उभा असतो, मागणारा खाली. आमचा भाचा डेक कॅडेट, म्हणजे बोटीवरचा शिकाऊ, तो बोसनला काही ‘देत’ नव्हता, त्यामुळे हा अर्थही त्याच्या कामाचा नव्हता.

मोठ्या नोंदीत चौथा-पाचवा अर्थ गाठायचा तर सगळं वाचत बसायची गरज नसते. दहा-बारा अर्थ असलेल्या शब्दांत प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एक-दोन शब्दांची पाटी असते. रन काढलात तर एखाद्या पाटीवर धंदा, एखाद्यावर यंत्र, एखाद्यावर पाणी अशा जातीचे शब्द दिसतील. डोळा पाट्यांवरून फिरवायचा, आपल्या वाक्याचा विषय जिथे सापडेल तिथे उतरायचं आणि मगच वाचायचं. अर्थ क्रमांक एक हा बहुधा सर्वांत वापरातला असतो. तुमचाही तोच असेल, याची हमी कोश देत नाही.

उदाहरणांबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी, कारण फोनवर ती लागते. नोंदीच्या आतली उदाहरणं संपादकांनी पारखून घेतलेली असतात. पण लाँगमन किंवा केंब्रिजच्या पानावर खाली ‘कॉर्पसमधली उदाहरणं’ असा भाग येतो. कॉर्पस म्हणजे वर्तमानपत्रं, पुस्तकं, संभाषणं यांतून जमवलेला मजकुराचा प्रचंड साठा. तिथली वाक्यं यंत्रानं उचललेली असतात आणि मागचापुढचा संदर्भ तुटलेला असतो. बघायला उत्तम, कारण तिथे शब्द खऱ्या धबडग्यात दिसतो. मात्र जशीच्या तशी उचलून आपल्या अर्जात घालायला ती धोक्याची. मी पोरांना सांगते, नक्कल करायची तर वरच्या वाक्यांची करा, खालची मोजायला ठेवा. कॉर्पस कोशात आणण्याचं मोठं काम जॉन सिंक्लेअर यांच्या गटानं बर्मिंगहॅममध्ये केलं आणि १९८७ साली कोबिल्ड कोश आला. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते: तुम्ही एखादी गोष्ट करायला रिफ्यूज केलंत, तर तुम्ही ती मुद्दाम करत नाही, किंवा करणार नाही असं ठामपणे सांगता, अशा धाटणीची. व्याख्येच्या पहिल्या अर्ध्यातच साचा दिसून जातो. ज्या मुलांना ठळक अक्षरांतले साचे डोळ्यांनी दिसतच नाहीत, त्यांच्या हातात मी आधी कोबिल्ड देते.

दुसरं वाक्य राहिलं होतं: ‘सजेस्टेड मी टू चेक.’ हे वाक्य मी नोकरीतल्या प्रत्येक वर्षी तपासलं असेन आणि ते का येतं हेही ठाऊक आहे. टेल, आस्क, अ‍ॅडव्हाइज, ऑर्डर हे सगळे ‘माणूस, मग टू’ असेच चालतात. मुलाला वाटतं सजेस्टही त्याच घरातला. अर्थानं आहेच, चालीनं नाही. त्याचे मुख्य साचे तीन: सजेस्ट समथिंग, सजेस्ट डूइंग, सजेस्ट दॅट. ऑक्सफर्डच्या कोशात तर इथे मुद्दाम छोटी सूचना आहे की सजेस्टनंतर लगेच माणूस आणि मग वस्तू असं ठेवता येत नाही. ‘कॅन यू सजेस्ट मी अ गुड डिक्शनरी’ हे चुकीचं वाक्य त्यांनी खोडून दाखवलंय. आमच्या शाळेत दर जूनमध्ये पालक मला हाच प्रश्न विचारत, आणि अगदी याच शब्दांत.

आता तीन साच्यांतला कुठला? ‘सजेस्टेड चेकिंग’ घेतलं तर तपासायचं कोणी ते धूसर राहतं. चीफ ऑफिसर स्वतः तपासू या म्हणाला असेल, सगळ्यांनी मिळून म्हणाला असेल. चौकशीच्या कागदावर धूसरपणा नको. म्हणून दॅट: ‘सजेस्टेड दॅट आय चेक’. इथे एक गंमत मुलांना दचकवते. ‘आय’ऐवजी ‘ही’ असेल तरी क्रियापद बहुधा चेकच राहतं, चेक्स किंवा चेक्ड होत नाही. उदाहरणांत ते दिसतं, किंवा मध्ये शुड घातलेलं दिसतं. दोन्ही चालतात. नियम सांगत बसण्यापेक्षा चार उदाहरणांत त्या क्रियापदाच्या शेपटीकडे बघ म्हटलं की काम होतं.

आणि ‘इक्विपमेंट्स’. यासाठी नोंदीत चौकटी कंसात एकच अक्षर असतं, यू. म्हणजे मोजता न येणारं. सी असेल तर मोजता येणारं. हे अक्षर मुंगीएवढं असल्यानं कोणी पाहत नाही, पण इक्विपमेंट, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, लगेज या सगळ्यांचा एस त्यानं वाचतो. मराठीत उपकरणं अनेक असतात, म्हणून हात आपोआप एस लावतो. एक उपकरण म्हणायचं तर ‘अ पीस ऑफ’ लागतो आणि तेही पुढच्याच उदाहरणात दिलेलं असतं.

कोशाची एवढी बाजू घेतल्यावर त्याच्या मर्यादेचंही बोलते, कारण ती मला आमच्याच बंदरावर कळते. मासळीच्या लिलावात उभं राहून मॅकरल, पॉम्फ्रेट, किंगफिश यांची इंग्रजी व्याख्या वाचली तर ‘समुद्रात राहणारा, खाण्याजोगा मासा’ या पलीकडे फारसं काही हाती लागत नाही. टोपलीतला कुठला, ते त्यावरून कोणी ओळखून दाखवावं. इथे मराठी नावच लागतं: बांगडा, पापलेट, सुरमई. झाडं, मासे, भाज्या, दुखणी, अवजारं यांच्यासाठी द्विभाषी कोश हा सरळ आणि शहाणा रस्ता आहे, इंग्रजी-इंग्रजी कोशाचा सोवळेपणा तिथे कामाचा नाही. मला स्वतःला मराठी अर्थ आधी बघण्यातही काही गैर वाटत नाही. नाकारणे हे कळल्याशिवाय डिनाय आणि रिफ्यूज शेजारी ठेवायचे, हे तरी कसं सुचणार? पण क्रियापद असेल, भाववाचक नाम असेल किंवा लहानसं विशेषण असेल आणि ते आपल्याला लिहायचं असेल, तर मराठी अर्थावर थांबता येत नाही. वाचताना भागतं, लिहिताना नाही.

बोटीवरच्या बोलीचाही तसाच प्रश्न. तिथे चालणारी ठरीव वाक्यं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं वेगळी बांधून दिली आहेत आणि ती २००१ मध्ये मंजूर झाली. व्हीएचएफवर, म्हणजे जहाजाच्या रेडिओवर, काय बोलायचं यासाठी लर्नर्स डिक्शनरी उघडायची नसते, ती वाक्यं पाठच असावी लागतात. कोश उपयोगी पडतो तो कागदावर, जिथे प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा असतो.

शेवटी कागद असा झाला: बोसननं बॅलास्ट टँकमध्ये जायला सांगितलं. परमिट निघालेलं नसल्यानं ‘आय रिफ्यूज्ड टू गो इन’. चीफ ऑफिसर ‘सजेस्टेड दॅट आय चेक द इक्विपमेंट फर्स्ट’. तीन दुरुस्त्यांना अर्धी दुपार गेली, त्यात दोनदा वीज गेली.

ऑगस्टच्या सुरुवातीला भाच्याला एजंटाची मेल आली, जहाजावर रुजू व्हायची तारीख गणपतीच्या चार दिवस आधीची. आमच्या घरी ही तारीख कोणी ऐकूनही घेणार नाही. या वेळी तो माझ्याकडे कागद घेऊन आला तेव्हा रिफ्यूजची नोंद आधीच बघून आला होता. जवळच्या अर्थाच्या शब्दांची तुलना करणारी चौकटही त्यानं वाचली होती. “मावशी, रिफ्यूज इथे कडक होतो. म्हणजे ठणकावून नाही म्हटल्यासारखं. रिजेक्ट म्हणजे बघून टाकून दिल्यासारखं. डिक्लाइन नम्र आहे आणि फॉर्मल, आमंत्रणाला नि ऑफरला लागतो.” मी म्हटलं, उजवीकडे काय काय येतं ते पाहिलंस? पाहिलं होतं. अ‍ॅन ऑफर, अ‍ॅन इन्व्हिटेशन, आणि टू कमेंट. ‘डिक्लाइन द डेट’ मात्र कुठे सापडलं नाही, म्हणून त्यानं वाक्य फिरवलं होतं: ही तारीख मला जमणार नाही, पुढच्या महिन्यात कुठलंही जहाज चालेल. चौघांतला एकही शब्द न वापरता. मला ते फार आवडलं, कारण कोश नीट वाचणाऱ्यालाच आपल्याला हवा तो शब्द त्यात नाही हे कळतं.

मेल गेली. कारणाच्या जागी त्यानं ‘फॅमिली फंक्शन’ लिहिलं होतं. त्यावर घरात मोठा वाद झाला. त्याच्या आजीचं म्हणणं पडलं की गणपती म्हणजे काय बारसं आहे का? एजंट मुंबईचा, त्याला गणपती म्हटलेलं चांगलं कळलं असतं. तिनं मला विचारलं, तुझ्या त्या पुस्तकात गणपती आहे का बघ. तो पावसाळा होता. पुस्तक पेटीत होतं, आणि पेटीवर पूजेची भांडी घासून ठेवलेली होती.